झीलकरीण

आज एक गोष्ट सांगतो. गोष्टीतील नावे आम्ही आमच्या मनाने ठेवली आहेत. गोष्टीत आम्हीही आहोत, आणि फारसे चांगले दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या वसाहतीच्या समाजमंदिरात 2023 साली जयंतीसाठी समूहगान बसविण्याचे ठरले. चौदा गळे, त्यात नऊ स्त्रिया, एक पेटी, एक ढोलकी. मुख्य गायक ओळ म्हणणार आणि बाकीच्यांनी ती उचलायची. शाहिरीत ज्याला झील म्हणतात, तेच काम. झीलकऱ्याला कोणी टाळ्या देत नाही. परंतु झील सुरात नसेल तर मुख्य गायकाचा सूरही श्रोत्याला लागेनासा होतो. मंडळाचा हिशोब आमच्याकडे असल्याने, आणि मागच्या रांगेत उभे राहून आम्हीही गात असल्याने, तालमीची व्यवस्था आमच्याच गळ्यात पडली.

झीलकऱ्यांत वनिता होती. अंगणवाडी सेविका. तीस-तीस पोरांच्या कलकलाटावर आवाज चढवायची वर्षानुवर्षांची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. अडचण एवढीच, की तो भलतीकडेच लागायचा. पेटी एक सांगते आहे, तेरा जण ते ऐकत आहेत आणि वनिता त्याच्या जरा खाली कुठेतरी ठाम उभी. ओळ वर चढली की ती अर्ध्या वाटेत थांबायची. तरुण पोरे एकमेकांकडे पाहून हसू लागली. तिसऱ्या तालमीनंतर आम्ही तिला बाजूला घेतले आणि म्हणालो, "वनिताताई, तुम्ही उभ्या राहा, ओठ हलवा, फक्त आवाज काढू नका. कोणाला कळणारसुद्धा नाही."

ती काही बोलली नाही. पण तिची सातवीतली मुलगी दारात चपला घालीत होती, तिने ते ऐकले. ही गोष्ट आम्हाला नंतर कळली. "शाळेतही बाई हेच म्हणाल्या होत्या," एवढेच वनिता घरी जाऊन मुलीला म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून तालमीला येईनाशी झाली.

तिची मैत्रीण मंगल. मंगलचे वडील पेट्या दुरुस्त करीत. पेटीची पट्टी दाबली की आतले पितळेचे रीड हवेने थरथरते. त्याच्या टोकाकडचे पितळ किंचित खरवडले की सूर चढतो, मुळाकडचे खरवडले की उतरतो. काही पेट्यांत एकेका पट्टीखाली एकाच उंचीची दोन रीडे असतात. ती दोन्ही तंतोतंत जुळवणे, हेच त्या कामातले खरे कौशल्य. वडील खरवडायचे आणि मंगल भाता मारायची. पोरवयात तिच्या कानाला जे वळण लागले, ते गाण्याचे नव्हे, जुळवणीचे होते.

मंगल वनिताला घेऊन संध्याकाळी रिकाम्या समाजमंदिरात आली. आम्ही कुलूप उघडून द्यायला गेलो, ते तिथेच बसून राहिलो.

"मला गळाच नाही गं," वनिता म्हणाली.

"गळ्याचं नंतर बघू. आज तू गायचंच नाहीस. नुसतं ऐक."

मंडळाची पेटी जुनी. मंगलने तिची दोन्ही सुरांची खुंटी ओढली आणि पहिली काळी पट्टी दाबून धरली. सूर निघाला, पण सरळ नव्हे. वँव, वँव, वँव असा लाटा खात. "काय ऐकू येतं?" "हेलकावा घेतंय काहीतरी," वनिता म्हणाली. "एका सेकंदात किती?" वनिताने घड्याळाकडे पाहून मोजले. तीनेक.

मंगलने सांगितले ते आम्हालाही नवे होते. पहिल्या काळीच्या सुराला सेकंदाला सुमारे 277 कंप असतात. एक रीड 277 वर आणि दुसरे 280 वर थरथरत असेल, तर दोघांतला फरक तीन, म्हणून सेकंदाला तीन लाटा. फरक कमी होत जाईल तशी लाट संथ होते, आणि सूर तंतोतंत मिळाले की लाट नाहीशीच होते. वडील लाटा ऐकून रीड खरवडायचे. त्यांना ना यंत्र लागायचे ना गळा.

"तुला लाट ऐकू आली ना? मग तुझा कान चांगला आहे. कोण म्हणतं तुला सूर कळत नाही?"

या बाईचे म्हणणे खरे होते. सुरांतला चढउतार ज्यांना जन्मतःच ओळखता येत नाही अशी माणसे असतात, पण ती शंभरात एखाददुसरीच. बाकीचे बेसूर गाणारे पुष्कळदा दुसऱ्याची चूक नीट पकडतात. आपल्या गळ्याला योग्य जागी नेऊन थांबवणे तेवढे त्यांना साधत नाही. अभ्यासकांना असेही दिसले आहे, की अशा माणसाला वाद्याच्या सुराशी मिळणे जितके जड जाते, तितके माणसाच्या आवाजाशी मिळणे जात नाही. आम्ही मात्र तिला तीन तालमी पेटीशीच झगडायला लावले होते.

दुसऱ्या संध्याकाळी मंगलने पेटी उघडलीच नाही. "तोंड मिटून कुठलाही एक सूर धर. तुला सोपा वाटेल तो. हळू, आणि अजिबात हलवू नकोस." वनिताने हुंकार धरला. मंगलने आपला सूर खालून सरकवत तिच्याजवळ आणला. आम्ही चार हात दूर होतो, तरी दोघींच्या आवाजातली लाट आम्हाला ऐकू आली. आधी भराभर, मग संथ, मग नाहीच. वनिताने दचकून हुंकार तोडला.

"काय झालं?"

"माझा आवाज गेला. तुझ्यात गेला."

"हेच सुरात असणं. आता तू माझ्याकडे ये."

आम्हाला वाटते, त्या दिवसाचे सगळे मर्म इथे होते. वनिताला आजवर जो तो स्वतःच्या सुराकडे ओढत होता. तिच्या सुराकडे कोणी गेलेच नव्हते. सूर मिळाल्यावर कसे वाटते हे एकदाही अनुभवायला न मिळालेले माणूस ते शोधणार तरी कसे?

उलट्या बाजूने जाणे मात्र सोपे नव्हते. मंगल सूर धरी आणि वनिता पहिल्या झटक्यात भलतीकडेच उतरे. तेव्हा ओळ नको, शब्द नको, खालून हळूहळू वर सरक, लाट ऐकू आली की आणखी संथ हो, असा क्रम. लाटेचा वेग वाढला तर आपण दूर चाललो, मंदावला तर जवळ आलो. रोज वीस मिनिटे. वनिता उत्साहाने आवाज मोठा करी, की तत्काळ सूर सुटे. आपला आवाज आपल्याला कानावाटे ऐकू येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही येतो. मोठ्याने गायला लागलो की तोच डोके भरून टाकतो आणि शेजारच्याचा सूर त्यात बुडतो. अंगणवाडीतली सवय इथे आड येत होती. मंगलने नियम घातला: "माझा आवाज ऐकू येईनासा झाला, की चूक तुझी. आवाज कमी कर." आठवडाभरात हुंकार मिळू लागला, मग 'आ'कार, मग षड्जावरून पंचम. पंचमाला बरेच दिवस लागले. गाण्याची पहिली ओळ तिसऱ्या आठवड्यात आली.

मग मंगलने फोनवर आमच्या सगळ्या झीलीचे ध्वनिमुद्रण करून आम्हाला ऐकवले. ऐकून आम्ही गप्प झालो. ढोलकी चढली की प्रत्येक जण आपला आवाज चढवीत होता, त्याला ऐकू येत नाही म्हणून शेजारचा आणखी चढवीत होता, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत बाजार झाला होता. पूर्वी ते सगळे वनिताच्या नावावर खपून जात असे. आता वनिता नव्हती, तरी बाजार तसाच. मंगलने सर्वांना खांद्याला खांदा न लावता हातभर अंतर ठेवून उभे केले, ढोलकी एका टोकाला सरकवली आणि सांगितले, शेजारणीचा आवाज ऐकू येईल इतक्याच आवाजात गा. पहिल्यांदा सगळ्यांना ते मिळमिळीत वाटले. पुन्हा ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कोणी तक्रार केली नाही.

आणखी एक दोष निघाला, तो आमचा. मुख्य गायकाच्या सोयीसाठी आम्ही दुसरी काळी धरली होती. त्यात अंतरा तार षड्जाला जाई, आणि वनिताचा गळा तिथवर पोहोचतच नव्हता. ती अर्ध्या वाटेत थांबत होती याचे एक कारण हे. मंगलच्या सांगण्यावरून पहिली काळी धरली. मुख्य गायक जरा कुरकुरले, पण दोन दिवसांत रुळले. तरीही ती एक जागा वनिताला उंचच पडे. तिथे ती गप्प राही आणि पुढच्या ओळीला पुन्हा मिळे. मंगलने तिला तसेच शिकवले होते: न पोहोचणाऱ्या जागेसाठी ओढाताण केली की पुढचा सूरही जातो.

वनिता एकटी गायिका झाली असे आम्ही सांगणार नाही. एकटीला उभे केले तर आजही तिचा सूर दोन ओळींत घसरतो. तिला शेजारी आवाज लागतो. पण झीलीत शेजारी आवाज असतोच.

जयंतीच्या आदल्या रात्री शेवटची तालीम होती. वनिता मधल्या रांगेत, मंगल तिच्या डाव्या हाताला, आम्ही तिच्या बरोबर मागे. मुलगी पुन्हा दारापाशी, या वेळी पायरीवर बसलेली. आम्ही वनिताला त्या जुन्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायचे ठरवले होते, पण शब्द जुळत नव्हते. गाणे झाले. मुख्य गायकाने मान डोलावली. पाणी प्यायला सगळे पांगले तेव्हा वनिता आमच्याकडे वळली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,

"भाऊ, राग मानू नका. दुसऱ्या कडव्यात तुम्ही जरासे वर जाता. थोडं हळू गा, म्हणजे माझा आवाज ऐकू येईल तुम्हाला."

आम्ही हळू गायलो. ऐकू आला.