चाळिशीचा नंबर वयावर नव्हे, कामाच्या अंतरावर ठरतो

स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर तयार चष्म्यांची फळी मांडलेली असते. आपल्यापैकी अनेकांची पहिली चाळिशी तिथूनच आलेली आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, हे चष्मे घेऊच नका. ठेलेवाला म्हणतो, डॉक्टरकडे कशाला जाता, वय सांगा, नंबर देतो. आमच्या मते या दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे न कळल्यामुळे नुकसान होते ते काम करणाऱ्याचे.

प्रथम भीती दूर करू. चुकीच्या नंबराच्या चष्म्याने प्रौढ माणसाचे डोळे बिघडत नाहीत. डोके दुखते, डोळे थकतात, मान अवघडते, कामात चुका होतात. चष्मा काढला की डोळा होता तसाच असतो. तयार चष्म्याच्या दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात आणि त्यांत सिलिंडरचा नंबर नसतो. म्हणून ज्याला लांबचे बिनचष्म्याने स्वच्छ दिसते आणि ज्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत, त्याला तो चालतो. प्रश्न उरतो तो नंबर निवडण्याचा, आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

आमच्या एका साथीचे उदाहरण घ्या. वय ४९, टपालाच्या सॉर्टिंगवर काम. ठेल्यावर वय सांगितले, पेपर नाकाजवळ धरून वाचून पाहिला, अक्षरे ठळक दिसली, अडीच नंबर घेतला. ड्यूटीवर मात्र हातातल्या पाकिटावरचा पत्ता स्वच्छ दिसे आणि समोरच्या खणांवरची नावे पुसट. बिचारा दर पाकिटाला मान पुढे काढी. आठ दिवसांत मान धरली. त्याला वाटले, नंबर कमी पडतो आहे, आता तीन घ्यावा. खरे म्हणजे नंबर जास्त झाला होता.

याचा हिशेब सोपा आहे. शंभराला चष्म्याच्या नंबराने भागा. जे उत्तर येते तितक्या सेंटीमीटरपर्यंतच त्या चष्म्यातून स्वच्छ दिसते, त्यापलीकडे पुसट. अडीच नंबरातून ४० सेंटीमीटरपर्यंत, दोन नंबरातून ५०, दीड नंबरातून सुमारे ६६, एक नंबरातून १००. (लांबचे बिनचष्म्याने स्वच्छ दिसणाऱ्यालाच हा हिशेब लागू आहे.) आमच्या साथीचे पाकीट डोळ्यापासून ४० सेंटीमीटरवर होते, पण खण ६५ सेंटीमीटरवर. अडीच नंबरात ते बसणार कसे? दीड नंबर लावला तेव्हा खण स्वच्छ दिसले, आणि पाकिटासाठी लागणारा उरलेला एक नंबर त्याच्या डोळ्याने स्वतःच्या ताकदीतून भरून काढला. पन्नाशीच्या आत ही ताकद थोडी शिल्लक असते. साठीजवळ ती जवळजवळ संपते. तेव्हा एका चष्म्यात दोन्ही अंतरे बसत नाहीत. मग दोन चष्मे, किंवा डॉक्टरने लिहून दिलेला दुहेरी काचेचा चष्मा, हाच मार्ग.

म्हणून ठेल्यावर जाण्याआधी कामाच्या जागी बसून डोळ्यापासून कामापर्यंतचे अंतर दोरीने मोजा. कामे दोन असतील तर दोन्ही अंतरे मोजा. दोरीला गाठ मारून ती खिशात घेऊन जा. ठेल्यावर रोजच्या कामातला कागद त्या गाठीच्या अंतरावर धरा, आणि एक नंबरापासून वर चढा: एक, सव्वा, दीड. ज्या नंबराला बारीक अक्षर सहज वाचता येईल तिथे थांबा. पुढचा नंबर अक्षर मोठे दाखवील, पण मोठे म्हणजे बरे नव्हे. मग कागद वीतभर पुढे आणि वीतभर मागे न्या. लांब नेताच पुसट होत असेल तर नंबर जास्त आहे. जवळ आणताच पुसट होत असेल तर कमी. शेवटी एकेक डोळा झाकून वाचा. एका डोळ्याला स्वच्छ आणि दुसऱ्याला पुसट दिसले तर तो ठेला तुमच्यासाठी नाही.

काचही तपासा. चष्मा हातभर लांब धरून त्यातून खिडकीची सरळ चौकट पाहा आणि चष्मा हळू हलवा. रेघ लाटेसारखी वाकडीतिकडी झाली तर काच खराब आहे. नंबर खरा आहे का, तेही घरी पाहता येते. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ काच धरून मागेपुढे करा. खिडकीबाहेरच्या लांबच्या इमारतीचे उलटे चित्र भिंतीवर स्पष्ट उमटले की काच आणि भिंत यांतले अंतर मोजा. दोन नंबराला ते ५० सेंटीमीटर असायला हवे. दोन्ही काचांचे अंतर वेगळे निघाले तर चष्मा परत करा.

रेल्वेतल्या बांधवांना एक इशारा. दोन नंबराची चाळिशी लावून गेटमन नोंदवही लिहितो आणि तशीच मान वर करून रुळाकडे पाहतो, तेव्हा ५० सेंटीमीटरपलीकडचे सारेच त्याला पुसट असते. चाळिशी लिहिण्यापुरतीच, वर पाहण्याआधी ती काढा, किंवा वरून पाहता येईल अशी अर्धी घ्या. गाडी चालवताना तर ती नकोच.

आणि काहींनी ठेल्यावर जाऊच नये: ज्यांना लांबचा चष्मा आहे, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या घरात काचबिंदू आहे. काचबिंदूत नजर कडेने हळूहळू जाते. वाचता मात्र पुष्कळ काळ येते. त्यामुळे ठेल्यावर अक्षर दिसले म्हणजे डोळा निरोगी, असे नव्हे. उलट, चाळिशीशिवाय न वाचणाऱ्याला साठीनंतर एकाएकी बिनचष्म्याने वाचता येऊ लागले, तर आनंद मानू नये; मोतीबिंदूची ती सुरुवात असू शकते. चाळीस ओलांडल्यावर एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, डोळ्याचा दाब मोजून घ्या. ठेलेवाला काच विकतो, तपासणी विकत नाही.

आता मागणीचे बोलू. आसामच्या चहाच्या मळ्यात चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचे चष्मे मोफत दिले, त्यांच्या पानतोडीत न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त वाढ दिसली. म्हणजे चष्म्याचा फायदा मालकाच्याही वजनकाट्यावर दिसतो. मग चाळिशीचा खर्च एकट्या कामगाराच्या खिशातून का? आमचे म्हणणे असे की, चाळीस वर्षांवरील प्रत्येक कर्मचाऱ्याच्या डोळ्यांची तपासणी प्रशासनाने करावी, त्याचे काम किती सेंटीमीटरवर चालते ते विचारून नंबर लिहावा, आणि तो चष्मा प्रशासनानेच द्यावा. ते होईपर्यंत फूटपाथवरचा चष्मा घेणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. फक्त ठेलेवाल्याला वय सांगू नका; खिशातली दोरी काढा.