उपवास कधी सुटतो, हे विचारा

राखेचा बुधवार जवळ आला की आजाऱ्यांच्या घरी भेटीला जाणारे आम्ही पॅरिशचे स्वयंसेवक एकदा एकत्र बसतो. त्या बैठकीत एक वाक्य दरवर्षी हमखास ऐकू येतं: “देव आजारी माणसाकडून उपवास मागत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा.” वाक्य खोटं नाही. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवास राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला बंधनकारक आहे. तोही वयाच्या १८ वर्षांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत, आणि आजाऱ्याला त्यातून सूट आहे. तरीसुद्धा रुग्णाच्या खाटेशेजारी बसून हे वाक्य पहिल्यांदा बोलू नये, असं आमचं ठाम मत झालं आहे. ते ऐकून माणूस मान डोलावतो आणि पुढच्या वेळेपासून उपवास लपवून करतो. मधुमेहाच्या रुग्णाच्या बाबतीत, उपवास करण्यापेक्षा लपवलेला उपवास जास्त धोक्याचा असतो.

का, ते समजून घेण्यासाठी गोळ्यांकडे पाहावं लागेल. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एकसारख्या वागत नाहीत. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. रिकाम्या पोटी घेतली तर फार तर मळमळतं. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि तुम्ही जेवलात की नाही हे गोळीला कळत नाही. सकाळी आठला गोळी घेतली आणि नाश्ता केला नाही, तरी ती आपलं काम करत राहते. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तसंच. डॉक्टरांनी बजावलेलं असतं, “गोळी चुकवायची नाही.” आपल्याकडची म्हातारी माणसं हे वाक्य आज्ञेसारखं पाळतात. उपवासही पाळायचा, गोळीही चुकवायची नाही. दोन्ही आज्ञा एकाच दिवशी पाळल्या की दुपारी साखर उतरते.

आमच्या भेटी फक्त आपल्या लोकांपुरत्या नसतात. बेळगावात शेजार मिश्र आहे, आणि इस्पितळातून घरी आलेला माणूस कुठल्या देवळात किंवा मशिदीत जातो हे पाहून आम्ही दार ठोठावत नाही. वडगावातल्या एका आजींचं उदाहरण सांगतो. वय अडुसष्ट. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन. महिन्यातून एकदा दुपारनंतर त्यांना दरदरून घाम येई, हात थरथरत, सुनेवर उगाच चिडत, एकदा तर नातवाचं नावच आठवेना. घरच्यांना वाटे, वय झालं. डॉक्टरांनी विचारलं होतं, “उपवास करता का?” आजींनी सांगितलं होतं, “नाही हो, फराळ घेते.” त्यांच्या मते हे खरंच होतं. उपवास म्हणजे निर्जळी. त्या तसं करत नव्हत्या.

आमच्यातल्या एका बाईंनी निराळं विचारलं. “आजी, महिन्यात कुठले दिवस नेहमीसारखं जेवण नसतं?” उत्तर आलं, संकष्टी. मग पुढचे प्रश्न आपोआप आले. सकाळपासून काय काय पोटात जातं? चहा. फराळ कधी? दुपारी दोनच्या सुमाराला, तोही जमला तर. सोडता कधी? चंद्रोदय झाल्यावर. आणि चंद्रोदय किती वाजता? संकष्टीला चंद्र साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो, दर महिन्याला वेगळ्या वेळी. म्हणजे सकाळी आठची गोळी आणि पोटभर जेवण यांच्यात बारा-चौदा तास. घामाचे आणि चिडचिडीचे दिवस आम्ही सुनेला कॅलेंडरवर दाखवायला सांगितले. ते सगळे संकष्टीचे निघाले.

हे एका कागदावर लिहून सून डॉक्टरांकडे गेली. कागदात “उपवास सोडायला सांगा” असं नव्हतं. सकाळी काय, दुपारी काय, रात्री किती वाजता काय, आणि कुठली गोळी कधी, एवढंच होतं. डॉक्टरांनी संकष्टीच्या दिवसापुरती ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणासोबत ठेवली, दुपारचा फराळ चुकवायचा नाही अशी अट घातली आणि चार वाजता बोटातून रक्त तपासायला सांगितलं. साखर सत्तरच्या खाली दिसली तर उपवास तिथेच सुटला, हेही आजींकडून आधीच कबूल करून घेतलं. काही रुग्णांना डॉक्टर गोळीच बदलून देतात. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी साखर एकाएकी उतरण्याची भीती बरीच कमी असते. पण हा बदल डॉक्टरांनीच करायचा. आम्ही स्वयंसेवकांनी “आज अर्धी घ्या” असं एकदाही म्हणायचं नाही. आमचं काम दिवसाचं घड्याळ डॉक्टरांपर्यंत पोचवणं.

फराळाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण इथे उलटा घोळ होतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वाटीभर खिचडी, वर बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस खाल्ला तर साखर तीनशेच्या घरात जाऊ शकते. म्हणजे “उपवास” या एकाच शब्दाखाली एका घरात साखर उतरते आणि शेजारच्या घरात चढते. एकादशीला काही जण दिवसभर पाण्यावर राहतात, काही जण दुप्पट खातात. म्हणून नुसतं “उपवास करता का” विचारून काहीच कळत नाही. आजींच्या बाबतीत डॉक्टरांनी खिचडी मोडली नाही. साबुदाणा निम्मा, शेंगदाण्याचं कूट जास्त, सोबत वाटीभर दही, एवढंच सांगितलं. शेंगदाणे आणि दही दोन्ही त्यांच्या उपवासाला चालत होते. चालत नसते तर राजगिरा किंवा दूध पाहावं लागलं असतं. काय चालतं हे त्यांनाच विचारायचं. आपण शेजाऱ्यांच्या पंगतीत जेवलो म्हणून आपल्याला सगळं माहीत असतं असं नाही. (आमच्यातल्या एकाने उत्साहाने वरईची भाकरी सुचवली. आजींच्या घरी वरई चालत नव्हती.)

रमजानच्या रोज्यात प्रश्न आणखी कठीण, कारण दिवसा पाणीही नाही आणि महिनाभर तेच. तिथे डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांकडे वेगळं लक्ष लागतं, कारण शरीरातलं पाणी कमी होतं. रोज्यात बोटातून रक्त तपासलं तर रोजा तुटत नाही असं बहुतेक इस्लामी विद्वान सांगतात. पण हे आम्ही सांगून उपयोग नाही. त्यांच्या मौलानांनी सांगितलं तर तपासणी होते. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे हे कुराणात आहे, आणि तीही आमच्या तोंडून ऐकण्यात काही अर्थ नाही.

आता आपल्या घरात येऊ. कुणी असं समजू नये की हे सगळं शेजाऱ्यांचंच आहे. प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस दुपारचं जेवण सोडायचा नवस करणारे आपल्यातही आहेत, आणि ते बहुतेक साठीच्या पुढचे, म्हणजे ज्यांना नियम लागूच नाही असे. त्यांना “तुम्हाला सूट आहे” म्हटलं की त्यांना ऐकू येतं, “तुमची आता गरज नाही.” अशा एका काकांच्या बाबतीत डॉक्टरांपेक्षा आमच्या फादरांचा उपयोग जास्त झाला. त्यांनी नवस मोडायला सांगितलं नाही. दुपारचं जेवण ठेवा, त्याऐवजी चहातला आणि टीव्हीपुढचा वेळ सोडा, आणि तो तास खाटेवर पडलेल्या एखाद्या माणसाजवळ बसा, असा बदल करून दिला. काका रात्री इन्सुलिन घेणारे. दुपारचं जेवण राहिलं म्हणून त्यांचा डोसही राहिला.

आणखी एक बारीक गोष्ट. मिस्सा चालू असताना एखाद्याला घाम सुटतो, खिशात साखरेची पुडी असते, पण ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपवास मोडेल म्हणून तो ती तोंडात टाकत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे, या तिघांनाही त्या एका तासातून सूट आहे. हे वेदीवरून वर्षातून एकदा तरी जाहीर व्हावं, असं आम्हाला वाटतं.

साखर उतरली हे ओळखायचं घामावरून, थरथरीवरून, अचानक भुकेवरून, असंबद्ध बोलण्यावरून. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची थरथर आणि धडधड दबून जाते. घाम मात्र येतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, साखर अजून सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं, आणि नंतर काहीतरी खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. १०८ ला फोन करायचा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांच्यामुळे उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून “आता बरं वाटतंय” म्हणून त्या माणसाला एकटं ठेवायचं नाही.

“मग सगळ्यांनाच उपवास करू द्यायचा का?” असा प्रश्न आमच्याच गटात विचारला गेला. नाही. मागच्या काही महिन्यांत साखर उतरून बेशुद्ध पडलेला माणूस, इन्सुलिनवर असलेली गरोदर बाई, मूत्रपिंडं फार बिघडलेला रुग्ण, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेला आणि साखर सतत वर-खाली होणारा तरुण, यांना डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणायला हवं, आणि ते त्यांच्या धर्मातल्या जाणत्या माणसाने उचलून धरायला हवं. पण असं नाही ऐकून घ्यायला तो माणूस आधी खरं सांगायला तयार हवा, आणि पहिल्या भेटीत आपण उपदेश केला तर तो खरं सांगत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, हे संत पौलाने रोमकरांना लिहिलं तेव्हा मंडळीतला तंटा ताटावरूनच होता.

इस्पितळांच्या केसपेपरवर शाकाहारी की मांसाहारी असा रकाना असतो. त्याच्याखाली आणखी एक ओळ असावी, अशी आमची मागणी आहे: नेहमीसारखं जेवण नसतं ते दिवस कुठले, आणि त्या दिवशी पहिला घास किती वाजता. तोवर आम्ही आमच्या वहीत ती ओळ हाताने आखून घेतली आहे. राखेच्या बुधवारच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये बसणार आहोत. येताना गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या; नावं पाठ नसली तरी चालेल.