नाकाला न कळणारे विष

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकण्यापूर्वी आपण तो हुंगतो, दोन शिते जिभेवर ठेवतो आणि ‘चांगला आहे’ असा निर्वाळा देतो. परंतु आंबूस वास आणणारे जंतू आणि उलट्या घडवणारे जंतू बहुधा निराळे असतात. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना ते सारे मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला, की ते रुजतात, वाढतात आणि त्यांतील काही जंतू विष तयार करतात. त्या विषाला ना वास, ना चव. फोडणीच्या उष्णतेनेही ते नष्ट होत नाही. असा भात खाल्ल्यावर साधारण 1 ते 6 तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात.

म्हणून निर्णय नाकावर नव्हे, घड्याळावर सोपवावा. भात 9 वाजता शिजला असेल, तर उरलेला भात पसरट भांड्यात निववून 11 च्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र, कितीही ताजा भासला तरी, न चाखताच टाकून द्यावा.