नेमणूकपत्र हाती आले, पण पाळी रात्रीची

माझ्या भाच्याला बी.कॉम. होताच हैदराबादच्या एका कंपनीचे ऑफर लेटर आले. काम परदेशी ग्राहकाच्या खरेदीबिलांची नोंद ठेवण्याचे, पाळी मात्र संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. घर सांगलीस, मनात पुणे आणि घरात चौविहाराचा नेम. "मामा, शहर आणि पाळी दोन्ही बदलून मागू का?" त्याने विचारले.

पेढीवर वाढलेल्या मुलाने हे विचारावे याचे मला नवल वाटले. भाव, उधारी आणि वाहतूक या तिन्ही गोष्टी एकाच दमात ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काय देतो? मी त्याला एकच गोष्ट निवडावयास सांगितली, आणि तीही पत्रावर होकार देण्यापूर्वी मागण्यास. जागा भरून घेण्याची निकड कंपनीस तोवरच असते. होकारानंतर ती सरते.

मागण्याआधी त्याने भरती पाहणाऱ्या बाईंना फोन करून दोन प्रश्न विचारले. हाच गट पुण्यातही बसतो काय? आणि गटातील सर्वांची पाळी एकच आहे काय? पुण्यात गट होता, पण तेथे जागा रिकामी नव्हती. मंजूर जागा शहराशी बांधलेली असते. तेथे विनवणीचा उपयोग होत नाही. पाळीचे उत्तर वेगळे आले. त्याच गटातील काही जण इंग्लंडच्या ग्राहकासाठी दुपारी दीड ते रात्री साडेदहा काम करीत. मागावयाचे ते येथे सापडले.

पत्र त्याने पाच ओळींचेच लिहिले. पद व पगार मान्य आहेत, हैदराबादही मान्य आहे. सूर्यास्तानंतर आपण भोजन करीत नाही, म्हणून इंग्लंडची पाळी व सायंकाळी पाचची सुट्टी मिळावी. तसे झाल्यास ठरल्या तारखेस रुजू होतो. 'घरगुती अडचण' असे मोघम लिहिले असते, तर व्यवस्थापकासमोर ठेवण्यास त्या बाईंच्या हाती काहीच नसते. निर्णय व्यवस्थापकाचा असतो. त्या फक्त निरोप नेतात.

पहिले उत्तर आले, "आधी रुजू व्हा, मग पाहू." व्यवहारात याचा अर्थ नकारच धरावा. त्याने नम्रपणे पुन्हा लिहिले की, उत्तर मिळाल्यावरच होकार कळवीन. (मध्यंतरी भावोजी कोणा ओळखीच्या साहेबांना फोन लावण्यास निघाले होते, त्यांना आवरणे हेच मला अधिक जड गेले.) चौथ्या दिवशी पाळी बदललेले सुधारित पत्र आले. सुट्टीची वेळ त्यात नव्हती. ती त्याने ईमेलवर लेखी घेतली.

'कामाच्या गरजेनुसार पाळी व ठिकाण बदलता येईल' हे कलम पत्रात तसेच राहिले. ते कोणीही काढून देत नाही. शिवाय ऑक्टोबरअखेर इंग्लंडातील घड्याळे एक तास मागे जातात आणि पाळी अडीच ते साडेअकरा होते. पाचची सुट्टी तेव्हाही राहील ना, हे विचारायचे आम्ही दोघेही विसरलो होतो; ते पत्र काल गेले.