‘काम करते’ म्हणजे नेमके काय?

‘काम करणारी स्त्री अधिक सक्षम असते.’ संशोधनपद्धती शिकवताना विद्यार्थिनींच्या पहिल्याच प्रकल्पात हे वाक्य परिकल्पना म्हणून माझ्यासमोर येते. मोर्चात ते शोभेल. परिकल्पना म्हणून मात्र ते निरुपयोगी आहे, कारण ते खोटे ठरण्याची वाटच त्यात नाही. कोणते काम? सक्षम म्हणजे काय? आणि कोणापेक्षा?

‘व्याख्या परीक्षेपुरत्या, खरा अभ्यास वस्तीत’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. कोण मोजली जाणार आणि कोण वगळली जाणार, हे व्याख्येतच ठरते. ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारले, की घरच्या शेतात दिवसभर खुरपणारी बाईही ‘नाही, घरीच असते’ म्हणते. म्हणून तर १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात ‘शेतावरचे वा घरच्या धंद्यातले बिनमोबदल्याचे काम धरून’ अशा अर्थाचे शब्द मुद्दाम घातले गेले.

एका वस्तीतल्या १८ ते ४५ वयाच्या विवाहित स्त्रिया घेऊ. पहिले चल: गेल्या ३० दिवसांत स्वतःच्या श्रमाचे रोख पैसे मिळाले का, हो की नाही. शेतात फुकट राबणारी बाई इथे ‘नाही’त जाते, हे उघड लिहायचे. दुसरे चल: ‘सक्षमता’ हा मोठा शब्द सोडून फक्त निर्णयातला वाटा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारतात तसे तीन निर्णय घेऊ: स्वतःचे औषधपाणी, घरातली मोठी खरेदी, माहेरी वा नातेवाइकांकडे जाणे. ती एकटी किंवा नवऱ्यासह ठरवत असेल तर १ गुण, एरवी ०. बेरीज ० ते ३. आता परिकल्पना अशी: ‘रोख कमावणाऱ्यांचे सरासरी निर्णयगुण न कमावणाऱ्यांपेक्षा जास्त असतील.’ शून्य परिकल्पना: फरक नाही. हे विधान खोटे ठरू शकते, म्हणूनच ते तपासता येते.

निर्णयगुणांत ‘स्वतःची कमाई आहे’ हाही गुण घातला, तर कमावती बाई व्याख्येनेच पुढे जाईल. मग तपासले काय? दुसरी खोच ‘दोघे मिळून ठरवतो’ या उत्तरात आहे. त्यात तिची नुसती मान डोलावणेही असू शकते. म्हणून ते वेगळे नोंदवा आणि ते धरून व वगळून असा दोन्ही प्रकारे हिशेब करा. निष्कर्ष उलटला तर तसे सांगा. आधी दहा जणींना विचारून पाहा. सगळ्यांनाच ३ गुण मिळाले तर प्रश्न फरक पकडत नाहीत.

फरक दिसला तरी तो कमाईनेच घडला असे म्हणू नका. जिथे बाईचे ऐकले जाते, त्याच घरातून तिला कामाला जाऊ दिले जात असेल.

मैत्रिणींनो, वस्तीत पाऊल टाकण्याआधी व्याख्या कागदावर लिहा, खाली तारीख घाला. आकडे पाहून ‘सक्षम’चा अर्थ बदलणारा अभ्यास बायांच्या बाजूने बोलला, तरी मी तो मानणार नाही.