संपादकाच्या मेलमध्ये 'मी' किती?

आपल्या मंडळातले बरेच जण वर्तमानपत्राला लेखाची कल्पना मेलने पाठवतात. काही जण पाठवण्याआधी मला दाखवतात. बहुतेक मेलची सुरुवात सारखीच असते: 'मी अमुक वर्षाला आहे, मला लेखनाची आवड आहे, माझ्या कवितेला बक्षीस मिळालंय.' लेख कशावर आहे, ते दुसऱ्या परिच्छेदानंतर कळतं. हे खटकतं ते बढाई वाटते म्हणून नाही. संपादकाला जो निर्णय घ्यायचाय, त्यात यातली एकही ओळ उपयोगी पडत नाही, म्हणून खटकतं.

त्याला चारच गोष्टी हव्या असतात. गोष्ट काय आहे? ती आत्ताच का छापायची? आमच्या वाचकाला तिचं काय? आणि ही व्यक्ती ती खरंच मिळवू शकेल का? 'मी'ला जागा आहे ती फक्त चौथ्या प्रश्नात, तीही एका वाक्यापुरती.

आपल्याच अंबरपेठेचं उदाहरण घेऊ. इथला बतुकम्मा कुंटा अतिक्रमणांनी आणि राडारोड्याने बुजला होता. कागदोपत्री सुमारे 14 एकरांचा हा तलाव जेमतेम 5 एकरांवर आला होता. फेब्रुवारी 2025 मध्ये 'हायड्रा'ने खोदकाम सुरू केलं, तेव्हा थोड्याच खोलीवर पाणी लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते तलावाचं उद्घाटन झालं.

'मला बतुकम्मा कुंट्यावर लिहायचंय' असं कळवलं तर तो नुसता विषय झाला. उद्घाटनाची बातमी तर सगळ्यांनीच छापली. लेख व्हायला एक प्रश्न लागतो, ज्याचं उत्तर अजून कोणी शोधलेलं नाही. समजा, महाराष्ट्रातल्या एखाद्या दैनिकाच्या पुरवणीला मेल पाठवायचाय. तो असा असेल:

विषय: लेखाची कल्पना – बुजलेल्या तलावात पाणी परतलं, ते टिकतंय का?

'महोदय,
हैदराबादच्या अंबरपेठेत बुजलेला बतुकम्मा कुंटा 2025 मध्ये खोदून पुन्हा तयार केला गेला. उद्घाटनानंतरच्या उन्हाळ्यात त्यात पाणी किती राहिलं आणि शेजारच्या बोअरवेलना काही फरक पडला का, यावर सुमारे 800 शब्दांचा लेख लिहू इच्छिते. शहरातले तलाव बुजण्याचा अनुभव आपल्या वाचकांनाही आहे. हा उलट दिशेचा प्रयोग आहे. जागेच्या मालकीवरून वाद झाला होता, ती बाजूही त्यात असेल. सर्वपित्री अमावस्येला बतुकम्मा सण सुरू होतो, त्या सुमारास लेख छापता येईल. मी याच भागात राहते, तेलुगू बोलते. तलावालगतच्या तीन घरांशी बोलणं झालंय. छायाचित्रं देऊ शकेन.
आपली,'

खाली नाव, फोन नंबर. बस्स.

आता यातला 'मी' पाहा. घर अंबरपेठेत, भाषा तेलुगू, बोलणं झालेली घरं तीन. ही स्तुती नव्हे, पोहोच आहे. पुण्यातल्या पत्रकाराला यासाठी प्रवास करावा लागेल, दुभाषा शोधावा लागेल. कवितेचं बक्षीस इथे काहीच सिद्ध करत नाही. अर्थात, तीन घरांशी खरंच बोलला असाल तरच तसं लिहा.

दुसरं, मेलमध्ये उत्तर आधीच ठोकून दिलेलं नाही. 'तलावामुळे परिसराचा कायापालट' असं लिहिलं असतं, तर बोअरवेल कोरड्या निघाल्यावर लेखच बारगळला असता. प्रश्न ठेवला की उत्तर काहीही येवो, लेख उभा राहतो. मालकीच्या वादाचा उल्लेखही त्याचसाठी आहे. एकाच बाजूचं ऐकून लिहिणारा माणूस संपादकाला धोक्याचा वाटतो.

तिसरं, वेळ. सणाच्या आदल्या दिवशी आलेल्या मेलचा काय उपयोग? पुरवणीची पानं आधी लागतात, म्हणून निदान तीन आठवडे हाताशी हवेत. एकाच वेळी दोन दैनिकांना पाठवू नका; दोघांनीही होकार दिला तर एकाची जागा रिकामी राहते. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करावी, मग खुशाल दुसरीकडे पाठवावं.

थोडक्यात लिहिणं जमत नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकते. माझ्या मते अडचण शब्दांची नसते. 'उन्हाळ्यात पाणी किती राहिलं' हे वाक्य सुचायला तलावावर जाऊन यावं लागतं. न जाता लिहायला बसलं की कागद भरायला आपण स्वतःलाच घेतो. मेल लांबत चालला, की गोष्ट अजून हाती लागलेली नाही असं समजावं, आणि एक फेरी मारून यावं.