दुखण्याच्या गोळ्यांचा हिशेब भिंतीवर लावा

छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांना, आणि त्यातही ज्यांच्या घरी नुकतंच कुणाचं ऑपरेशन झालं आहे त्यांना, औरंगपुऱ्यातल्या एका औषध दुकानदाराची ही जाहीर विनंती आहे.

घाटीतून, शासकीय दंत महाविद्यालयातून किंवा खासगी दवाखान्यातून सुट्टी झाली की चिठ्ठीवर बऱ्याचदा दोन औषधं असतात. एक पॅरासिटामॉल, म्हणजे आपल्या बोलण्यातली क्रोसिन किंवा डोलो. दुसरं आयबुप्रोफेन, म्हणजे ब्रुफेन. ‘ही आलटूनपालटून घ्या’ असं डॉक्टर सांगतात. सल्ला चांगला आहे. ब्रुफेन जखमेची सूज उतरवते, पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूच्या पातळीवर वेदना दाबते. वाटा वेगळ्या असल्यामुळे दोघींची मिळून ताकद एकटीपेक्षा जास्त पडते. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच्या चाचण्या २०१३ साली कॉक्रेनच्या आढाव्यात एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही हेच दिसलं. त्या चाचण्यांत मात्र दोन्ही औषधं एकाच वेळी दिली होती. आलटूनपालटून देण्याचा फायदा एवढाच, की दर तीन तासांनी काही ना काही आधार मिळतो. त्याची किंमत म्हणजे दिवसातून सात वेळा गोळी आणि चुकायला सात संधी.

आणि चूक होतेच. सकाळी दुकान उघडताना एखादी सूनबाई पायरीवर उभी असते. “काका, रात्री बाराची गोळी सासूबाईंनी दिली होती. मला माहीत नव्हतं, मी साडेबाराला परत दिली. आता सहाची देऊ का नको?” पेशंट गुंगीत असतो, त्याला स्वतःला आठवत नसतं. पाकिटावर पाहून काही कळत नाही, कारण त्याच पाकिटातून सासऱ्यांनी गुडघ्यासाठी एक घेतलेली असते.

म्हणून वहीचा एक कागद फाडा आणि पेशंटच्या उशाजवळच्या भिंतीला चिकटवा. समजा साठ किलो वजनाचा, एरवी धडधाकट माणूस आहे. अक्कलदाढ काढली आहे आणि डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम चार वेळा, आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम तीन वेळा लिहून दिलं आहे. मग पॅरासिटामॉल सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री १२ ला. आयबुप्रोफेन सकाळी ९, दुपारी ३ आणि रात्री ९ ला, प्रत्येक वेळी पोटात काही गेल्यावर. पहाटे ३ ची जागा मुद्दाम रिकामी ठेवायची. तिथे चौथी ब्रुफेन घातली तर बेरीज १६०० होते, आणि डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं नसेल तर घरच्या घरी १२०० च्या पुढे जायचं नाही.

प्रत्येक ओळीत वेळ, औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि देणाऱ्याची सही. सही गोळी गिळल्यावर, आधी नाही. वर मोठ्या अक्षरात लिहा: ‘२४ तासांत पॅरासिटामॉल २६००, आयबुप्रोफेन १२००, बस.’ चोवीस तास घड्याळाचे मोजा. तारीख बदलली म्हणून रात्री बारानंतर हिशेब शून्यावर येत नाही. एखादी वेळ हुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका.

आता २६०० च का, असं विचाराल. धडधाकट प्रौढाची पॅरासिटामॉलची शेवटची मर्यादा दिवसाला ४००० आहे. पन्नास किलोपेक्षा कमी वजन, रोजची दारू, लिव्हरचा आजार किंवा कित्येक दिवसांची उपासमार असेल तर ती बरीच खाली येते, आणि किती खाली ते डॉक्टरच ठरवतील. आपल्या बाजारात हे अंतर राखून ठेवावंच लागतं, कारण पॅरासिटामॉल दुसऱ्या नावांच्या आड लपलेली असते. ब्रुफेन संपली म्हणून कुणी कॉम्बिफ्लाम आणली, तर तिच्या प्रत्येक गोळीत आयबुप्रोफेन ४०० सोबत पॅरासिटामॉल ३२५ आहे. तीन गोळ्यांचे झाले ९७५, एकूण ३५७५. त्याच दिवशी सर्दी झाली म्हणून पॅरासिटामॉल ५०० असलेली सर्दीची गोळी तीनदा घेतली, की आकडा ५०७५ वर जातो. घरात कुणालाही वाटत नाही की आपण काही जास्त दिलं. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. चष्मा घरी राहिला असेल तर आम्हाला वाचायला लावा, त्याचे पैसे पडत नाहीत.

दुसरी गफलत ब्रुफेनच्या भावंडांची. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, किटोरोलॅक ही सगळी एकाच घराण्यातली. दातांच्या चिठ्ठीवर झेरोडॉल-पी किंवा केटोरॉल असेल, तर वर ब्रुफेन घालून स्वतःचा तक्ता बनवायचा नाही. झेरोडॉल-पी मधला तो ‘पी’ म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉलच.

काहींच्या तक्त्यात ब्रुफेन येताच कामा नये: किडनीचा किंवा हृदय कमजोर असल्याचा त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अशा गोळीने पूर्वी दमा उठलेला, गर्भवती बाई, किंवा पावसाळ्यात डेंग्यूची शंका. बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, दाढ दुखते म्हणून पाणीही धड न पिणाऱ्याला हे मिश्रण किडनीला महागात पडतं. रोजा किंवा उपवास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, वेळा बदलाव्या लागतील. लहान मुलांचा डोस वजनावर असतो, त्यांना हा तक्ता लावू नका.

पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून तक्त्यावरच लिहा, नाहीतर गोळीखाली ताप झाकला जातो. दुखणं दिवसागणिक उतरायला हवं, आणि उतरू लागलं की डॉक्टरांना विचारून आधी ब्रुफेन कमी करायची. उलट दाढेच्या जागचं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढून कानापर्यंत जायला लागलं, किंवा पू, ताप दिसला, तर गोळी वाढवू नका, जखम दाखवा. शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीत कॉफीसारखा गाळ आला किंवा लघवी कमी झाली तर ब्रुफेन तिथेच थांबवून दवाखाना गाठा.

आणि तक्त्याची बेरीज ४००० च्या वर गेलेली दिसली, किंवा डॉक्टरांनी तुमच्यासाठी ठरवलेली मर्यादा ओलांडलेली दिसली, तर ‘काही होत तर नाहीये’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. जास्त पॅरासिटामॉल गेलेला माणूस पहिल्या दिवशी बहुधा ठीकच दिसतो, फार तर मळमळतं. उजव्या बरगडीखाली दुखणं आणि कावीळ दोन-तीन दिवसांनी येते, तोवर लिव्हर बिघडलेलं असतं. यावरचा उतारा, अॅसिटिलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला चालतो. रात्र असली तरी घाटीचा अपघात विभाग उघडा असतो. जाताना भिंतीवरचा कागद आणि सगळी पाकिटं, रिकामीसुद्धा, पिशवीत घाला. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘किती आणि कधी’ हाच असतो.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांकडून चिठ्ठीच्या मागे एवढं लिहून घ्या: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळा, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, आणि किती दिवस. ते लिहिलेलं नसेल तर गोळ्या घेण्याआधी चिठ्ठी काउंटरवर उलटी करून दाखवा. आम्ही डॉक्टरांना फोन लावून विचारू.